एका पेटीचा आणि बारा पेट्यांचा भाव एकच कसा?
कारखान्यातील वरखर्चाचा कामनिहाय हिशेब : एक नमुना पत्र आणि त्याचा अर्थ

कापडाच्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बंद गाठ उचलणाऱ्या गिऱ्हाइकाचा भाव वेगळा, तागा नेणाऱ्याचा वेगळा आणि मीटरभर कापून मागणाऱ्याचा वेगळा. कापड तेच, खरेदी तीच. पण मीटरभर द्यायचे तर तागा उलगडा, मोजा, कापा, पुन्हा घडी घाला, उरलेला तुकडा सांभाळा आणि बिल मात्र गाठीइतक्याच मेहनतीने फाडा. ही मेहनत मीटरमागे किती पडते ते दुकानदाराच्या हाताला ठाऊक असते, म्हणून तो भावात फरक करतो.

कारखान्यात मात्र हा फरक बहुधा केला जात नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादे कारागीर बंधू शेतीपंपाचे स्टार्टर आणि पॅनेल बनवतात असे समजू. माल आणि मजुरी यांचा हिशेब त्यांच्याजवळ पैशापर्यंत चोख असतो. उरलेला खर्च, म्हणजे वीज, भाडे, स्टोअरकीपर, मिस्त्री, टेस्टिंग, ऑफिस, हा सगळा वरखर्च. तो मजुरीच्या इतक्या टक्के धरून प्रत्येक नगावर चढवला जातो. मजुरी एक रुपया तर वरखर्च तीन रुपये, असा ठोकताळा. त्यावर नफा चढवला की भाव तयार.

कारखान्यात एकच माल एकाच आकारात निघत असेल तर हा ठोकताळा चालून जातो. पण एकीकडे शेकड्याने निघणारा ठरावीक माल आणि दुसरीकडे चार-चार नगांच्या फर्माईशी असतील, तर तो फसवतो. कारण स्टोअरकीपरचा वेळ मजुरीच्या प्रमाणात जात नाही, तो माल किती वेळा आला त्यावर जातो. मिस्त्रीचा वेळ डाय किती वेळा बदलली त्यावर जातो. मग ठरावीक माल दुसऱ्याचा खर्च आपल्या अंगावर घेतो आणि फर्माईशी माल फुकटात सुटतो.

यावरचा उपाय म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग’ म्हणतात ती पद्धत. आपण तिला कामनिहाय खर्च म्हणू. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन या दोन प्राध्यापकांनी १९८८ च्या सुमारास ती सविस्तर मांडली. कूपर यांनी अभ्यासलेल्या कारखान्यांपैकी एक विजेच्या मोटारींचाच होता, जर्मनीतील बाड नॉयश्टाट येथील सीमेन्स कंपनीचा. पूर्व युरोपातील कारखाने साध्या मोटारी इतक्या स्वस्त विकू लागले की सीमेन्सला तिथे टिकाव धरणे कठीण झाले. म्हणून कंपनी गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे थोड्या-थोड्या नगांच्या खास मोटारींकडे वळली. पण जुन्या हिशेबात एकाच मोटारीची खास ऑर्डर आणि शंभर मोटारींची खास ऑर्डर यांचा नगामागे खर्च जवळजवळ सारखाच दिसे. तेव्हा तिथल्या हिशेबनिसांनी वरखर्चातून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, ऑर्डर हाताळण्याचा खर्च, तो प्रत्येक ऑर्डरवर. दुसरी, खास सुटे भाग हाताळण्याचा खर्च, तो प्रत्येक खास भागावर. एवढ्याने कोणती ऑर्डर घ्यावी आणि कोणत्या भावाने घ्यावी ते स्पष्ट दिसू लागले.

आता हीच गोष्ट आपल्या मापाच्या कारखान्यात कशी करायची ते पाहू. कॉस्ट अकाउंटंट एखाद्या छोट्या कारखानदाराला या पद्धतीचा प्रस्ताव पाठवतो तेव्हा त्याचे पत्र कसे असावे, याचा नमुना खाली दिला आहे. कारखाना आणि आकडे समजुतीसाठी मांडले आहेत, ते कोणा एकाचे नाहीत. सर्व भाव जीएसटी वगळून आहेत.

नमुना पत्र

प्रति,
मालक,
पंप स्टार्टर व पॅनेल कारखाना,
औद्योगिक वसाहत, जळगाव.

विषय : मालाचे भाव ठरवण्यासाठी कामनिहाय खर्चाचा हिशेब सुरू करण्याबाबत प्रस्ताव.

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपण मला दोन प्रश्न विचारले होते. धुळ्याच्या बाजारात सिंगल फेजची साधी पेटी दुसरे लोक ११८० रुपयांना देतात, ती आपल्याला १२५० च्या खाली का परवडत नाही? आणि थ्री फेजच्या ऑर्डरी वाढल्या तरी वर्षाअखेर हातात पैसा का वाढत नाही? आपली तीन महिन्यांची वही, आवक रजिस्टर आणि ऑर्डर बुक पाहून मी हे उत्तर लिहीत आहे. खालील आकडे एका सरासरी महिन्याचे आहेत.

आपण महिन्याला ९०० साध्या पेट्या करता. तिला माल ८५० रुपयांचा व मजुरी ६० रुपये लागते. याशिवाय गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे थ्री फेजच्या १०० पेट्या करता. तिला माल २,६०० रुपयांचा व मजुरी १८० रुपये. एकूण मजुरी ७२,००० आणि एकूण वरखर्च २,१६,०००. म्हणून आपण मजुरीच्या तिप्पट वरखर्च धरता. त्या हिशेबाने साधी पेटी १,०९० रुपयांना आणि थ्री फेजची ३,३२० रुपयांना पडते. वर सुमारे पंधरा टक्के नफा धरून आपले भाव १,२५० आणि ३,८२० असे आहेत.

मी वरखर्चाचे २,१६,००० रुपये कोणत्या कामावर जातात ते प्रत्येक माणसाला विचारून वेगळे केले. ते असे :

१) कारखान्यातील वीज, यंत्रांची झीज व देखरेख : ७२,००० रुपये. हा खर्च खरोखरच मजुरीच्या तासांबरोबर चालतो, म्हणून तो मजुरीवरच ठेवला.

२) खरेदी व स्टोअर : ३६,००० रुपये. महिन्यात माल ६० वेळा येतो, म्हणजे एका आवकेला ६०० रुपये. यातील १५ आवका साध्या पेटीसाठी आणि ४५ थ्री फेजसाठी.

३) प्रेसची डाय बदलणे व लॉट लावणे : ३६,००० रुपये. महिन्यात ३० लॉट, एका लॉटला १,२०० रुपये. साध्या पेटीचे ५, थ्री फेजचे २५.

४) टेस्टिंग : २४,००० रुपये. टेस्टिंगचे टेबल १५० तास चालते, तासाला १६० रुपये. साध्या पेटीला पाच मिनिटे आणि थ्री फेजला पाऊण तास लागतो. म्हणून दोन्हींचे ७५-७५ तास होतात.

५) ड्रॉइंग व कोटेशन : ३०,००० रुपये. हे सर्व काम थ्री फेजसाठीच होते. महिन्यात ६० कोटेशन दिली जातात, त्यातून २५ ऑर्डरी येतात. न आलेल्या ३५ कोटेशनचा खर्चही याच २५ ऑर्डरींनी उचलायला हवा.

६) ऑफिसचे भाडे, रखवालदार, लायसन वगैरे : १८,००० रुपये. याचा कोणत्याही एका मालाशी संबंध नाही. हा खर्च ओढूनताणून नगावर न वाटता मी वेगळा ठेवला आहे. तो एकूण नफ्यातून भागवायचा.

यावरून साध्या पेट्यांच्या वाट्याला वरखर्चाचे ८१,००० रुपये येतात, म्हणजे पेटीमागे ९० रुपये. थ्री फेजच्या वाट्याला १,१७,००० येतात, म्हणजे पेटीमागे १,१७०. माल व मजुरी मिळवली तर साधी पेटी १,००० रुपयांना पडते आणि थ्री फेजची ३,९५० रुपयांना. जी पेटी आपण ३,८२० ला विकता तिच्यात नगामागे १३० रुपयांचा तोटा आहे आणि जी सोडून द्यायचा विचार करत होता तिच्यात २५० रुपयांचा नफा आहे.

हिशेब जुळतो का, ते आपण स्वतः पाहावे. साध्या पेटीचा नफा २,२५,०००. त्यातून थ्री फेजचा तोटा १३,००० आणि वेगळा ठेवलेला खर्च १८,००० वजा केला की १,९४,००० उरतात. आपल्या जुन्या पद्धतीनेही महिन्याचा नफा एवढाच येतो. मी नफा वाढवलेला नाही, तो कुठून येतो एवढेच दाखवले आहे.

मात्र थ्री फेजचा माल वाईट आहे असा अर्थ आपण काढू नये. छोटी ऑर्डर महाग पडते, हा खरा अर्थ आहे. एका ऑर्डरमागे कोटेशन व ड्रॉइंगचे १,२००, लॉट लावण्याचे १,२०० आणि आवकेचे सरासरी १,०८० असे ३,४८० रुपये जातात. ऑर्डर एका पेटीची असो वा बाराची, हे तेवढेच. प्रत्येक पेटीवर वेगळे लागतात ते माल, मजुरी, वीज-देखरेख व टेस्टिंग मिळून ३,०८० रुपये. म्हणजे एकाच पेटीची ऑर्डर आपल्याला ६,५६० रुपयांना पडते. चार पेट्यांची ऑर्डर नगामागे ३,९५० ला पडते आणि बारा पेट्यांची ३,३७० ला. आपण तिघांनाही ३,८२० भाव सांगता. पाचपेक्षा कमी पेट्यांची प्रत्येक ऑर्डर तोट्यात आहे.

माझी शिफारस अशी :

पहिली, थ्री फेजचा भाव दोन भागांत सांगावा. ऑर्डरमागे ३,५०० रुपये ड्रॉइंग व लॉट खर्च, आणि पेटीमागे ३,४०० रुपये. एक पेटी मागणाऱ्याला ६,९०० पडतील. चार मागणाऱ्याला नगामागे ४,२७५ आणि बारा मागणाऱ्याला सुमारे ३,६९०, म्हणजे आजच्या भावापेक्षा कमी. मोठे गिऱ्हाईक आपल्याकडे ओढले जाईल. छोटे गिऱ्हाईक एक तर पूर्ण पैसे देईल किंवा शेजाऱ्याबरोबर मिळून ऑर्डर देईल.

दुसरी, जी पाच-सहा प्रकारची पॅनेल पुन्हा पुन्हा मागितली जातात त्यांची ड्रॉइंग ठरवून ठेवावीत. ठरलेल्या प्रकारातून निवडणाऱ्याचे ड्रॉइंगचे पैसे माफ करावेत. अशा पेट्यांचे लॉट एकत्र लावता येतील आणि त्यांच्या मालाची आवकही कमी वेळा होईल.

तिसरी, धुळ्यात साधी पेटी ११८० ला देता येईल, पण सगळ्यांना नाही. सर्व ९०० पेट्यांचा भाव ७० रुपयांनी उतरवला तर महिन्याला ६३,००० रुपये जातील. ते भरून काढायला १८० रुपये नफ्याने आणखी ३५० पेट्या विकाव्या लागतील. म्हणून हा भाव फक्त एकरकमी शंभर पेट्या उचलणाऱ्या नव्या व्यापाऱ्याला द्यावा.

माझे काम तीन टप्प्यांत होईल. पहिल्या दोन आठवड्यांत मी प्रत्येक माणसाच्या वेळेची विचारपूस करीन व रजिस्टरे तपासीन. पुढचा एक महिना आपले लोक प्रत्येक लॉटबरोबर एक जॉब कार्ड चालवतील. त्यावर लॉटचा नंबर, नग, डाय बदलायला लागलेला वेळ व टेस्टिंगचा वेळ एवढेच लिहायचे. त्यानंतर मी दरांचा तक्ता तयार करून आपल्या मुलाला किंवा मुनीमजींना तो चालवायला शिकवीन. मला आपल्याकडून तीन महिन्यांची बिले, आवक रजिस्टर, पगारपत्रक आणि स्टोअर व टेस्टिंगच्या माणसांचा रोज अर्धा तास हवा. फी एकरकमी राहील. अर्धी सुरुवातीला, अर्धी तक्ता आपल्या हाती चालू झाल्यावर.

हे पत्र आपल्या जीएसटीच्या किंवा आयकराच्या वह्या बदलण्यासाठी नाही. त्या जशा आहेत तशाच राहतील. हा हिशेब फक्त भाव ठरवण्यासाठी आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
कॉस्ट अकाउंटंट, धुळे.

पत्र वाचताना काय पाहावे

वाचक बंधूंनो, असे पत्र हाती आले तर सर्वात आधी त्यातील बेरीज तपासा. वाटलेला आणि वेगळा ठेवलेला खर्च मिळून वहीतील वरखर्चाइतकाच भरला पाहिजे. वरच्या पत्रात ८१, ११७ आणि १८ हजार मिळून २,१६,००० बरोबर होतात. ही बेरीज जुळत नसेल तर पुढचे काहीच वाचू नका.

दुसरी तपासणी कामाच्या मापाची. आवका मोजून स्टोअरचा खर्च वाटला, पण एखादी आवक ट्रकभर पत्र्याची आणि दुसरी पिशवीभर नटबोल्टची असेल तर दोन्हींना ६०० रुपये लावणे बरोबर आहे का? स्टोअरकीपरला विचारा. तो म्हणाला की चलन तपासणे, मोजणे, रजिस्टरला चढवणे हे काम दोन्हींना सारखेच, तर माप योग्य. तो म्हणाला की पत्रा उतरवण्यात अर्धा दिवस जातो, तर त्या आवकेचे वजन जास्त धरा, ती दोन किंवा तीन आवकांइतकी मोजा. पण अशी वजने वीस-पंचवीस प्रकारची करत बसू नका. छोट्या कारखान्याला पाच-सहा कामे पुरतात. जो तक्ता मुलगा किंवा मुनीम दर महिन्याला भरू शकत नाही तो दुसऱ्या महिन्यातच बंद पडतो.

तिसरी गोष्ट रिकाम्या वेळेची. पत्रात टेस्टिंगचा खर्च चाललेल्या १५० तासांवर वाटला आणि तासाला १६० रुपये आले. पण तेच टेबल आणि तोच माणूस महिन्याला २०० तास काम करू शकत असेल तर खरा दर १२० रुपये आहे. उरलेले ६,००० रुपये रिकाम्या वेळेचे आहेत, गिऱ्हाइकाचे नाहीत. हे ध्यानात न घेतल्यास मोठी फसगत होते. पावसाळ्यात शेतकऱ्याची मागणी घटते, टेबल १०० तासच चालते आणि दर २४० वर जातो. मग पेटी महाग दिसते, आपण भाव वाढवतो आणि त्याने ऑर्डरी आणखी घटतात. कॅप्लन यांनी अँडरसन यांच्याबरोबर २००४ मध्ये या पद्धतीची जी सोपी आवृत्ती मांडली तिचा भर नेमका यावर आहे. माणूस वा यंत्र किती वेळ काम करू शकते त्यावर दर काढा आणि न वापरलेला वेळ वेगळा दाखवा. आपल्या अकाउंटंटला हा प्रश्न जरूर विचारा की तुमचे तास चाललेले आहेत की चालू शकणारे?

तोटा दिसला म्हणून माल बंद करू नका

या पद्धतीचा सर्वात मोठा गैरवापर इथेच होतो. थ्री फेजच्या पेटीत १३० रुपये तोटा दिसला, महिन्याला १३,०००, म्हणून तो माल बंद केला तर १३,००० वाचतील असे वाटते. प्रत्यक्षात काय होईल ते मांडून पाहू.

माल बंद होताच ३,८२,००० रुपयांची विक्री जाईल. मालाचे २,६०,००० नक्की वाचतील. कारागीर नगावर मजुरी घेत असतील तर १८,००० वाचतील. वरखर्चात वीज वगैरे मिळून समजा २०,००० वाचले. एकूण वाचले २,९८,०००. म्हणजे महिन्याचा नफा वाढण्याऐवजी ८४,००० रुपयांनी घसरेल. कारण स्टोअरकीपर, ड्रॉइंग करणारा मुलगा आणि टेस्टिंगचा माणूस पगारावर आहेत. त्यांचा वेळ मोकळा होतो, पण पगार थांबत नाही.

म्हणून कामनिहाय खर्च आणि लगेच वाचणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सांगतो की वर्षानुवर्षे धंदा चालवायचा तर या ऑर्डरीने किती दिले पाहिजे. दुसरा सांगतो की आज हातात काम नसताना कितीवर उतरून ऑर्डर घेतली तर चालेल. टेबल रिकामे आहे, माणसे बसून आहेत आणि चार पेट्यांचे गिऱ्हाईक ३,८२० च्या वर यायला तयार नाही, तर ती ऑर्डर जरूर घ्यावी. माल आणि मजुरीपेक्षा नगामागे हजारभर रुपये जास्त मिळतातच. पण सीझनमध्ये, जेव्हा तीच माणसे साध्या पेट्यांच्या मोठ्या लॉटवर लावता येतात, तेव्हा तीच ऑर्डर त्याच भावाने घेणे तोट्याचे आहे.

मोकळ्या झालेल्या वेळेचे काय करायचे हे ठरल्याशिवाय कागदावरची बचत गल्ल्यात येत नाही. पत्रातील दुसरी शिफारस, पाच-सहा प्रकार ठरवून ठेवण्याची, तेवढ्यासाठीच महत्त्वाची आहे. त्याने ड्रॉइंग करणाऱ्याचा जो वेळ वाचेल तो धुळे, शिरपूर, दोंडाईचा इकडच्या नव्या व्यापाऱ्यांची कोटेशन करण्यात लागला तरच त्याचे पैसे होतील.

आपल्याला याची गरज आहे का?

प्रत्येक कारखान्याला हे करायची जरुरी नाही. माल एकाच जातीचा असेल आणि वरखर्च एकूण खर्चात थोडाच असेल, तर जुना ठोकताळा पुरतो. वरच्या उदाहरणात वरखर्च एकूण खर्चाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका आहे, आणि तरीही त्याने एका मालाचा भाव उलटा करून दाखवला, कारण दोन्ही मालांची तऱ्हा वेगळी होती. छोट्या कारखान्यांना कॉस्ट रेकॉर्ड ठेवण्याची कायद्याने सक्तीही नाही. जे करायचे ते आपल्या भावासाठी.

गरज आहे की नाही ते दोन खुणांवरून कळते. आपल्या साध्या मालात दुसरे लोक नेहमी आपल्या खाली विकतात आणि तरी त्यांचा धंदा बुडत नाही, ही पहिली. दुसरी खूण उलटी आहे. किचकट, फर्माईशी मालाचा भाव सांगताच गिऱ्हाईक घासाघीस न करता हो म्हणते. खान्देशातले गिऱ्हाईक भाव न करता माल उचलते तेव्हा दुकानदाराने खूश होण्याआधी आपला हिशेब पुन्हा पाहावा.

या दोन्ही खुणा दिसत असतील तर अकाउंटंट बोलावण्याआधी एक सोपे काम घरीच करता येते. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी नगांच्या संख्येप्रमाणे लावा. एक-दोन नगांच्या किती, तीन-चारच्या किती, दहाच्या वर किती, आणि प्रत्येक गटाची विक्री किती. ऑर्डरी बहुतेक छोट्या आणि विक्री बहुतेक मोठ्यांची असे चित्र दिसले, तर कॉस्ट अकाउंटंटच्या फीचे पैसे वसूल होतील असे समजायला हरकत नाही. त्याच्याकडे जाताना हा कागद बरोबर न्या. तो १९५९ च्या कायद्याखालील कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेचा सभासद आहे ना, ते सभासद क्रमांक विचारून पाहा. आणि त्याचा दरांचा तक्ता दर सहा महिन्यांनी नवा करायचा हे आधीच ठरवून घ्या. पगार, विजेचा दर आणि तांब्याचा भाव बदलत राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या तक्त्यावरून आज भाव सांगितला तर जुन्या ठोकताळ्यात आणि त्यात फारसा फरक उरत नाही.